पर्याय नसलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘अ, ब, क की ड’ असं का सांगता येत नाही?

प्रश्न: जुन्या सराव प्रश्नपत्रिकांची एक फाईल मिळाली आहे. प्रश्न सगळे आहेत, पण बऱ्याच प्रश्नांखालचे पर्याय गायब आहेत. उत्तरसूचीही नाही. मला विद्यार्थ्यांसाठी उत्तरसूची तयार करायची आहे, म्हणून फक्त अक्षर हवंय. उदाहरणार्थ: ‘एक चेंडू 30 मी/से वेगाने सरळ वर फेकला, तर तो जास्तीत जास्त किती उंचीवर जाईल?’ आणि ‘ध्वनीबद्दल खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?’ पर्याय नसले तरी अनुभवी माणसाला अंदाज येतच असेल ना? बहुतेक वेळा ‘क’ असतं असंही ऐकलंय.

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 45 मीटर आहे. त्याचं अक्षर मला सांगता येत नाही, आणि ज्याने मूळ पान पाहिलेलं नाही अशा कुणालाच ते सांगता येणार नाही. दुसऱ्या प्रश्नाला तर पर्यायांशिवाय उत्तरच नाही. अनुभवी माणसाला अंदाज येतो हे खरं, पण तो उत्तराचा येतो. अक्षर हा वेगळाच मामला आहे. बरीच वर्षं प्रश्न काढण्याचं आणि दुसऱ्यांनी काढलेले प्रश्न तपासण्याचं काम करतोय, म्हणून अक्षर ठरतं कसं ते आतल्या बाजूने सांगतो.

चेंडूचा प्रश्नच घेऊ. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: h = u²/2g. u = 30, g = 10 धरलं तर 900 भागिले 20, म्हणजे 45 मीटर. पेपर काढणाऱ्याचं खरं काम इथून पुढे सुरू होतं. त्याला तीन चुकीचे पर्याय हवे असतात, आणि ते मनाला येतील ते आकडे टाकून चालत नाहीत. 45 च्या शेजारी 7, 62 आणि 1000 ठेवले तर ज्याला काहीच येत नाही तोही 45 उचलू शकतो. चांगला फसवा पर्याय एखाद्या खऱ्या चुकीतून येतो. विद्यार्थी कुठे घसरेल, आणि घसरला तर नेमका कोणत्या आकड्यावर जाऊन पडेल, हे पेपर काढणारा आधी कागदावर करून बघतो.

या प्रश्नात अशा चुका बऱ्याच आहेत. कुणी u ला g ने भागून थांबतो, त्याला 3 मिळतात. तो प्रत्यक्षात वर जायला लागणारा वेळ आहे, सेकंदांत. कुणी सरासरी वेग काढतो आणि त्यालाच उंची समजतो, त्याला 15 मिळतात. ज्याला काहीच सुचत नाही तो प्रश्नातलाच 30 उचलतो. कुणी सूत्रातला 2 विसरतो, त्याला 90 मिळतात. योगायोगाने, चेंडूचा वेग कमीच होत नाही असं धरून 30 गुणिले 3 करणाराही 90 वरच पोचतो, म्हणून हा फसवा पर्याय फार कामाचा. कुणी गतीचं दुसरं समीकरण, h = ut − ½gt², वापरतो पण चिन्ह चुकवतो, उणेच्या जागी अधिक करतो. त्याचे 90 अधिक 45 म्हणजे 135 होतात. आणि कुणी g ने भागायचंच विसरतो, त्याला 450 मिळतात.

म्हणजे पेपर काढणाऱ्याच्या हातात सहा तयार चुका आहेत: 3, 15, 30, 90, 135 आणि 450. यातल्या तीन त्याला घ्यायच्या आहेत. आकड्यांचे पर्याय चढत्या क्रमाने लावावेत असा आमच्याकडचा जुना संकेत आहे, म्हणजे विद्यार्थ्याचा वेळ पर्याय शोधण्यात जात नाही. आता बघा काय होतं ते. त्याने 15, 90 आणि 450 घेतले तर यादी 15, 45, 90, 450 अशी होते आणि उत्तर ‘ब’ येतं. 15, 30 आणि 90 घेतले तर 15, 30, 45, 90, उत्तर ‘क’. 90, 135, 450 घेतले तर 45 सगळ्यात आधी येतो, उत्तर ‘अ’. आणि 3, 15, 30 घेतले तर उत्तर ‘ड’. चारही प्रश्न निर्दोष आहेत. चारही तपासणीत पास होतील. भौतिकशास्त्र एकच, उत्तर एकच, अक्षरं चार.

इथे कुणी म्हणेल की सहातून तीन चुका निवडायचे एकूण 20 प्रकार होतात, ते मोजून टाकू. मोजलेत तर 45 पहिल्या जागी येण्याचा एक प्रकार आहे, दुसऱ्या जागी येण्याचे नऊ, तिसऱ्या जागी येण्याचे नऊ आणि शेवटी येण्याचा एक. म्हणजे ‘ब’ किंवा ‘क’ असण्याची शक्यता वीसात अठरा! हे बघून अंदाज बांधायचा मोह होणारच. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक तर यातूनही ‘ब’ की ‘क’ हे कळत नाही, दोघांचं पारडं अगदी सारखं आहे. दुसरं म्हणजे, पेपर काढणारा या वीसातून चिठ्ठी उचलत नाही. तो निवड करतो, आणि ती करताना त्याच्यासमोर या प्रश्नाशी काहीही संबंध नसलेली एक गोष्ट असते: बाकीच्या प्रश्नांची अक्षरं.

पेपर पूर्ण झाला की उत्तरसूची बाजूला काढून बघायची, हे आमच्या कामातलं नेहमीचं पाऊल आहे. ‘अ’ किती, ‘ब’ किती, ‘क’ किती, ‘ड’ किती. सलग चार-पाच ‘क’ लागलेत का. कुठलं अक्षर कमी पडतंय का. प्रश्न कसे लिहावेत यावरच्या मार्गदर्शक नियमांत दोन नियम बहुतेक ठिकाणी शेजारी शेजारी सापडतात: आकड्यांचे पर्याय क्रमाने लावा, आणि बरोबर उत्तराची जागा बदलती ठेवा. हे दोन नियम एकमेकांच्या पायात पाय घालतात. क्रम पाळायचा म्हटलं तर 45 ची जागा आपोआप ठरते, मग ती बदलायची कशी? उपाय एकच, फसवे पर्याय बदलायचे. ‘ड’ कमी पडत असतील तर 90 आणि 450 काढून 3 आणि 30 आत घ्यायचे. प्रश्नाचा एक शब्दही न बदलता उत्तर ‘ब’ वरून ‘ड’ वर जातं. म्हणजे चेंडूच्या प्रश्नाचं अक्षर कदाचित पुढच्या पानावरच्या विद्युतप्रवाहाच्या प्रश्नामुळे ठरलेलं असतं. चेंडूचा प्रश्न कितीही बारकाईने वाचला तरी ही माहिती त्यात सापडणार नाही, कारण ती तिथे नाहीच.

आता ‘बहुतेक वेळा क असतं’ या समजुतीकडे येतो. ती अगदी हवेतून आलेली नाही, म्हणून उडवून लावत नाही. यिगाल अटाली आणि माया बार-हिलेल यांनी 2003 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रश्न लिहिणारी माणसं बरोबर उत्तर कडेला ठेवायला नकळत टाळतात आणि मधल्या जागांकडे झुकतात, असं त्यांना दिसलं. गंमत म्हणजे उत्तर माहीत नसलेले परीक्षार्थीही अंदाज करताना मधलेच पर्याय जास्त उचलतात. कारण समजायला सोपं आहे. बरोबर उत्तर पहिलंच ठेवलं तर ते ‘उघडं पडलं’ असं लिहिणाऱ्याला वाटतं. पण हा कल तिथे दिसतो जिथे लिहिणारा एकटा आहे आणि नंतर कुणी अक्षरांची वाटणी बघितलेली नाही. वाटणी बघून पेपर काढला असेल तर तो कल तिथेच पुसला जातो. तुमच्या फाईलमधले पेपर कोणत्या प्रकारचे आहेत हे तुम्हाला माहीत नाही.

आणि समजा कल आहेच. समजा एखाद्या पेपरात शंभरातली साठ उत्तरं ‘ब’ आणि ‘क’ मध्ये मिळून आहेत. हा आकडा मी फक्त हिशेबासाठी घेतोय. मग सगळीकडे ‘क’ लिहिणाऱ्याचे वीसात सहा बरोबर येतील. कल नसता तर पाच आले असते. एवढी चर्चा करून हाती आला एक प्रश्न, आणि चौदा उत्तरं चुकीचीच. परीक्षेत बसलेल्या मुलाला तो एक गुणही हवासा वाटेल, त्याला नावं ठेवत नाही. पण तुम्ही परीक्षा देत नाही आहात, उत्तरसूची तयार करताय. वीसात चौदा चुका असलेल्या सूचीला सूची म्हणता येणार नाही.

अक्षर बेभरवशाचं होण्याचं आणखी एक साधं कारण आहे, आणि ते बऱ्याच शिक्षकांच्या लक्षात येत नाही: एकाच पेपराचे अनेक संच. शेजारच्याचं बघून लिहिता येऊ नये म्हणून तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने आणि बऱ्याचदा पर्यायही वेगळ्या क्रमाने छापले जातात. संगणकावरच्या परीक्षेत तर प्रत्येक परीक्षार्थीला पर्याय वेगळ्याच क्रमाने दिसू शकतात. चार पर्यायांची मांडणी 24 प्रकारे होते. अशा परीक्षेत ‘या प्रश्नाचं अक्षर काय’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या संचातलं, असं विचारावं लागतं. तुमच्या फाईलवर संचाचा उल्लेख नसेल तर उद्या कुठूनतरी अधिकृत उत्तरसूची मिळाली तरी ती थेट लावू नका. आधी अशा दोन-तीन प्रश्नांवर पडताळून पाहा ज्यांचे पर्याय शाबूत आहेत. तिथे जुळलं तरच पुढे जा.

इथवर आपण धरून चाललो की निदान 45 हे उत्तर तरी पक्कं आहे. तेही थोडं तपासायला हवं, कारण पर्याय फक्त उत्तराची जागा दाखवत नाहीत, ते प्रश्नाचाच एक भाग असतात. तुम्ही दिलेल्या प्रश्नात g ची किंमत दिलेली नाही. मी 10 धरली. 9.8 धरली तर उत्तर 45.9 येतं. पर्यायांत 45 असेल आणि 45.9 नसेल तर लेखकाने 10 धरलंय हे विद्यार्थ्याला न सांगता कळतं. पर्याय 44.1, 45.9, 47.7 असे जवळजवळचे असतील तर 9.8 धरायचंय हे कळतं. पर्याय मीटरमध्ये आहेत की सेंटिमीटरमध्ये, हवेचा विरोध धरायचा की नाही, उत्तर ‘सुमारे’ चालेल की अचूक हवं, हे सगळं पर्याय बघूनच विद्यार्थी ठरवतो. पर्याय गेले की प्रश्नाचा तेवढा भाग गेला.

त्याहून बेरकी शक्यता म्हणजे ‘यापैकी नाही’. समजा मूळ पर्याय 15, 30, 90 आणि ‘यापैकी नाही’ असे होते. मग बरोबर उत्तर ‘ड’ आहे आणि 45 हा आकडा पानावर कुठेच नाही. तुमचं गणित शंभर टक्के बरोबर, तरी 45 कुठल्या अक्षरावर आहे हे शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. असा पर्याय वापरावा की नाही यावर आमच्यात वाद आहेत. मला स्वतःला तो आवडत नाही, कारण तो निवडणाऱ्या विद्यार्थ्याला बरोबर उत्तर येतं की नाही हे त्यातून कळत नाही. पण माझ्या आवडीनिवडीने जुने पेपर बदलत नाहीत. त्यांत हा पर्याय भरपूर सापडतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘ध्वनीबद्दल खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?’ चेंडूच्या प्रश्नात निदान एक आकडा तरी स्वतंत्रपणे काढता आला. इथे तेही नाही. ध्वनीबद्दलची चुकीची विधानं हवी तेवढी करता येतील: ध्वनी निर्वातातून प्रवास करतो, ध्वनीचा वेग पोलादापेक्षा हवेत जास्त असतो, हवेतल्या ध्वनीच्या वेगावर तापमानाचा परिणाम होत नाही, निरोगी तरुण माणसाला 50,000 हर्ट्झचा आवाज ऐकू येतो. यातलं कुठलंही मूळ प्रश्नात असू शकेल, किंवा यातलं एकही नसेल. ‘खालीलपैकी’ हा शब्द आला की प्रश्नाचा अर्थ खालच्या यादीवर टांगलेला असतो. यादी काढली की उरतं ते अर्धं वाक्य.

अशा प्रश्नांत काही वेळा एकच विधान यादीप्रमाणे बरोबरही ठरतं आणि चूकही. ‘हवेत ध्वनीचा वेग 340 मी/से असतो’ हे विधान घ्या. कोरड्या हवेत 0 अंश सेल्सिअसला हा वेग सुमारे 331 असतो आणि 20 अंशांना सुमारे 343. म्हणजे 340 हा नेहमीच्या तापमानाला ठीक बसणारा ढोबळ आकडा आहे. यादीतली दुसरी तीन विधानं बिनचूक असतील आणि एखाद्या काटेकोर लेखकाने ‘तापमान सांगितलेलं नाही’ म्हणून हेच अयोग्य धरलं असेल, तर उत्तर हे. यादीत ‘ध्वनी निर्वातातून जातो’ असं सरळ चुकीचं विधान असेल तर 340 चं विधान मुकाट्याने योग्य ठरतं. विधान तेच आहे, फक्त शेजार बदलला. ‘सर्वांत योग्य पर्याय निवडा’ या प्रकारात हे उघडच असतं, पण ‘अयोग्य विधान कोणते’ मध्येही ते लपून बसलेलं असतं.

जोड्या लावायच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात. तिथे योग्य जोड्या तुम्ही सांगू शकता, पण पर्याय हे त्या जोड्यांचे सांकेतिक क्रम असतात. चार जोड्यांचे 24 क्रम होतात, त्यातले चार छापलेले असतात. जोड्या लिहा, अक्षर सोडून द्या.

तर मग लोक इतक्या ठामपणे अक्षरं सांगतात ती कुठून येतात? काहींनी तोच प्रश्न दुसऱ्या पुस्तकात पर्यायांसकट पाहिलेला असतो आणि तिथलं अक्षर त्यांच्या लक्षात राहिलेलं असतं. ते त्या पुस्तकापुरतं खरं आहे. बाकीचे अंदाज करतात, आणि अंदाज चारात एकदा लागतोच. चार जणांनी चार वेगळी अक्षरं सांगितली तर त्यातला एक बरोबर निघणारच, आणि नंतर त्याचाच बोलबाला होतो. समोरचा अंदाज करतोय की त्याला माहीत आहे हे ओळखायचं असेल तर त्याला एवढंच विचारा: “तुम्ही ‘ब’ म्हणता, मग ‘अ’ मध्ये काय होतं?” ज्याने पान पाहिलंय तो सांगेल, किंवा निदान आठवायचा प्रयत्न करेल. ज्याने अंदाज केलाय तो सूत्र सोडवून दाखवायला लागेल. सूत्र अगदी बरोबर असेल, 45 येईल, आणि शेवटच्या ओळीत ‘म्हणून उत्तर ब’ असं लिहिलेलं असेल. त्या ‘म्हणून’ च्या आधीच्या पायऱ्यांत ‘ब’ कडे नेणारं काहीच नसतं. लेखी स्पष्टीकरणं तपासताना मी आधी ही शेवटची ओळ बघतो.

आणखी एक खूण आहे. एकच प्रश्न दोन संग्रहांत असेल, दोन्हीकडे पर्याय नसतील आणि अक्षरं वेगळी असतील, तर दोन्हीकडची अक्षरं खोडून टाका. पर्याय असते तर दोन्ही बरोबर असू शकली असती. पर्यायांशिवाय त्यातलं खरं कोणतं हे ठरवायला साधनच नाही.

चुकीच्या अक्षराने नुकसान होतं ते असं. मुलगा प्रश्न सोडवतो, त्याला 45 मिळतात. तुमची सूची म्हणते ‘क’. त्याच्याजवळच्या एखाद्या दुसऱ्या प्रतीत पर्याय आहेत आणि तिथे ‘क’ समोर 90 आहे. सूची शिक्षकांची, म्हणजे तीच बरोबर, असं धरून तो आपलं गणित परत करायला बसतो, आणि सूत्रातला 2 काढला की 90 येतात हे त्याला सापडतं. फसवा पर्याय खऱ्याच चुकीतून बनवलेला असतो असं वर म्हटलं, त्याची ही दुसरी बाजू. चुकीच्या अक्षरापर्यंत पोचवणारी वाट आधीच तयार असते, आणि मुलगा ती शोधून काढतो. कोरी जागा असती तर त्याने विचारलं असतं. चुकीचं अक्षर असलं की तो विचारत नाही.

तुमच्या फाईलचं काय करायचं ते सांगतो. सगळ्यात आधी पर्याय खरोखर गेलेत की नुसते दिसत नाहीत हे बघा. पर्याय चित्ररूपात किंवा गणिती चिन्हांत असतील तर मजकूर उचलताना ते गळून पडतात आणि (अ), (ब), (क), (ड) एवढेच कंस मागे राहतात. असे रिकामे कंस दिसले तर मूळ स्कॅन किंवा पीडीएफ शोधा, पर्याय तिथे असण्याची शक्यता चांगली आहे. पर्याय दोन स्तंभांत छापलेले असतील तर मजकूर उचलताना क्रम बिघडतो. पानावर वरच्या ओळीत अ आणि ब, खालच्या ओळीत क आणि ड असतात, पण उचललेल्या मजकुरात आधी डावा स्तंभ आणि मग उजवा येऊन अ, क, ब, ड असं होतं. कंसातली अक्षरंही गळली असतील तर चार आकडे हातात असून त्यांची अक्षरं चुकीची लागतात. चेंडूच्या प्रश्नात 15, 90, 45, 450 असा विस्कटलेला क्रम दिसला तर मी आधी हीच शंका घेईन.

पर्याय कुठेच मिळाले नाहीत तर नोंद अशी करा:

प्र. 17. उत्तर: 45 मी. (g = 10 मी/से² धरून; g = 9.8 धरल्यास सुमारे 45.9 मी.) पर्याय उपलब्ध नाहीत. अक्षर: —

अक्षराच्या जागी रेघ दिसली की काहींना सूची अर्धवट वाटेल, वाटू द्या. ध्वनीच्या प्रश्नापुढे ‘पर्यायांशिवाय उत्तर देता येत नाही’ एवढंच लिहा.

पर्याय स्वतः बनवायला हरकत नाही, उलट सरावासाठी मी तेच सुचवेन. वर दिलेल्या सहा चुकांतल्या तीन घ्या आणि क्रमाने लावा. अक्षर तुमच्या यादीवरून ठरेल, आणि तो आता तुमचा प्रश्न झाला. त्यावर जुन्या पेपरचं नाव लिहू नका. याच्या उलटं मात्र करू नका: कुणीतरी सांगितलेलं ‘क’ धरायचं आणि 45 तिसऱ्या जागी बसेल असे पर्याय जुळवून ‘मूळ प्रश्न’ म्हणून छापायचा. असं झालेलं मी तपासणीत पाहिलंय. एकदा छापलं की तो अंदाज होता हे पुढच्या माणसाला कळण्याचा मार्ग उरत नाही.

राहिला प्रत्यक्ष परीक्षेतला प्रसंग, कारण विद्यार्थी तो विचारणारच: प्रश्नपत्रिकेतच एखाद्या प्रश्नाचे पर्याय छापायचे राहिले तर? आधी पर्यवेक्षकाला सांगायचं. कधी दुसरी प्रत मिळते, कधी नोंद होते आणि तो प्रश्न नंतर रद्द होतो किंवा सगळ्यांना गुण मिळतात. काय होईल ते त्या परीक्षेच्या नियमांवर आहे. काहीच झालं नाही आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नसतील तर कुठलंही अक्षर भरून पुढे जावं, गमावण्यासारखं काही नाही. एका प्रश्नाला 1 गुण असेल आणि चुकीला एक तृतीयांश गुण कापत असतील, तर चार पर्यायांत डोळे मिटून टाकलेल्या अंदाजाची सरासरी कमाई शून्य येते: चारात एकदा 1 मिळतो, तीनदा एक तृतीयांश जातो. चुकीला पाव गुण कापत असतील तर सरासरीने एक सोळांश गुण मिळतो. एवढ्यासाठी भरायचं की नाही हे विद्यार्थ्याने ठरवावं. एरवी अंदाज फायद्यात येतो तो एक-दोन पर्याय चुकीचे म्हणून बाद करता आले तर. पण इथे बाद करायला पर्यायच छापलेले नाहीत, त्यामुळे चांगली तयारी झालेला आणि पुस्तक न उघडलेला, दोघांची शक्यता चारात एक एवढीच राहते.